फोनबुक मागणारा सावकार

पाच मिनिटांत पाच हजार, कागदपत्रे नकोत, सिबिल नको, जामीनदार नको. अशा जाहिराती आता प्रत्येकाच्या फोनवर येतात. यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या फोनवर येतात, रिक्षावाल्याच्या येतात, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या येतात आणि आम्हा शिक्षकांच्याही येतात. जाहिरातीतली एक गोष्ट मात्र साफ खोटी असते. जामीनदार नको, असे हे ॲप म्हणते, पण जामीनदार त्याला हवाच असतो. फक्त तो एक नसतो, तुमच्या फोनमधले चारशे-पाचशे लोक असतात आणि त्यांना कुणी विचारलेले नसते.

ॲप उघडल्यावर पहिल्याच पडद्यावर परवानगी मागितली जाते. कॉन्टॅक्ट्स पाहू द्या, फोटो आणि फाइल्स पाहू द्या, कॉल लॉग पाहू द्या. घाईत असलेला माणूस 'Allow' दाबत पुढे जातो, कारण त्याला वाटते की ही औपचारिकता आहे. माझे म्हणणे असे, की खरी तपासणी याच क्षणी होते. कर्ज देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्ट्स किंवा फोटोगॅलरी मागितली, तर त्याने आपली ओळख स्वतःच दिलेली असते. त्यापुढे जायचे कारण उरत नाही.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जाबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मे 2025 मध्ये ती निर्देशांच्या रूपात एकत्र केली. दोन्हींत ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या फाइल्स, फोटो-व्हिडिओ, कॉन्टॅक्ट्सची यादी आणि कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक किंवा लोकेशन यांची परवानगी फक्त एकदा, ग्राहकाची ओळख पटवण्यापुरती आणि त्याच्या स्पष्ट संमतीने घेता येते. गूगलनेही 2023 मध्ये आपल्या प्ले स्टोअरच्या धोरणात बदल केला आणि वैयक्तिक कर्जाच्या ॲप्सना फोटो व कॉन्टॅक्ट्स वाचायला बंदी केली. म्हणजे नियमाने चालणाऱ्या कंपनीला हे मागताच येत नाही. जो मागतो, तो एक तर नियम मोडतो आहे किंवा नियमांच्या बाहेरच उभा आहे.

यादी त्यांना कशासाठी हवी?

बँक कर्ज देताना तुमचे उत्पन्न बघते, जुन्या कर्जाचा इतिहास बघते. सोने ठेवून घेणारा सोने तोलतो. हे ॲप यातले काहीच बघत नाही, कारण त्याचे तारण वेगळे आहे. त्याचे तारण म्हणजे तुमची लाज.

आपल्या फोनमध्ये नावे कशी साठवलेली असतात, ते एकदा पाहा. 'अब्बा', 'भाभी', 'दुल्हाभाई', 'हेडमास्तर', 'पेशइमाम साहेब', 'मुलीची सासू'. ही यादी ज्याच्या हाती पडते, त्याला तुमच्या घराचा नकाशाच मिळतो. कुणाला फोन केला तर तुम्ही सर्वांत जास्त घाबराल, हे त्याला विचारावे लागत नाही, नावांवरूनच कळते. गॅलरीत आधार कार्डाचा फोटो असतो, पासबुक असते, लग्नातले घरच्या बायकांचे फोटो असतात. हप्ता चुकला, किंवा भरूनही चुकला असे त्यांनी ठरवले, की त्यातलाच एखादा फोटो अश्लील करून त्याच यादीतल्या लोकांना पाठवला जातो. 'हा माणूस चोर आहे, पैसे बुडवून पळाला' असा मजकूर सोबत असतो.

इथे एक गोष्ट आपल्या वाचकांसमोर ठेवावीशी वाटते. आपल्याकडे अमानत हा शब्द आपण सहज वापरतो. कुणी आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली वस्तू परक्याच्या हाती द्यायची नाही, हे लहान मुलालाही शिकवतो. फोनमधले नंबर हीच अमानत आहे. माझ्या फोनमध्ये साठ-सत्तर पालकांचे नंबर आहेत, त्यात आयांचेही आहेत. ते त्यांनी शिक्षक म्हणून मला दिले. स्नेहसंमेलनात काढलेले मुलींचे फोटो आहेत. माझ्या अडचणीसाठी ते सगळे एखाद्या अनोळखी सर्व्हरवर चढवायचा हक्क मला नाही. कर्ज घ्यावे की नाही हा प्रत्येकाचा प्रश्न. पण कॉन्टॅक्ट्सची परवानगी हा एकट्याचा प्रश्न नाही.

एक ॲप आम्ही तपासले

आमच्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीचे वडील यंत्रमागावर काम करतात. मंदीमुळे आठवड्यातले दोन-तीन दिवस माग बंद राहत होते आणि मुलीच्या क्लासची फी भरायची होती. त्यांच्या फोनवर एका ॲपची लिंक आली होती. ॲप त्यांनी टाकले होते, पण परवानगीच्या पडद्यावर थांबले आणि फोन घेऊन माझ्याकडे आले. "सर, ये कॉन्टॅक्ट क्यूं मांग रहा है?" असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही परवानगी न देता जेवढे तपासता येईल तेवढे तपासले. ॲपचे नाव इथे महत्त्वाचे नाही, कारण अशा ॲप्सची नावे दर महिन्याला बदलतात. तपासण्याची पद्धत मात्र तीच राहते.

पहिला प्रश्न होता, ॲप आले कुठून? लिंक एसएमएसमधून आली होती आणि ती प्ले स्टोअरवर न जाता थेट एक फाइल उतरवत होती, जिला एपीके म्हणतात. ती टाकताना फोनने इशारा दिला होता की हे अनोळखी ठिकाणचे ॲप आहे. प्ले स्टोअरबाहेरून ॲप देण्यामागचे कारण सोपे आहे. प्ले स्टोअरवर कॉन्टॅक्ट्स वाचायला बंदी आहे, म्हणून ते दाराबाहेरून येते. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने 2021 मध्ये पाहणी केली, तेव्हा भारतातल्या अँड्रॉइड फोनधारकांसाठी कर्जाची सुमारे 1100 ॲप्स ऐंशीहून जास्त ॲप स्टोअर्सवर सापडली होती आणि त्यातली सुमारे 600 बेकायदा होती.

पण याचा अर्थ प्ले स्टोअरवर आहे म्हणजे खरे, असा नाही. तिथेही बनावट ॲप्स घुसतात, काही दिवस राहतात, हजारो लोक ती उतरवतात आणि मग ती काढली जातात. पाच तारे आणि लाखभर डाउनलोड यांवर विश्वास ठेवू नका, ते विकत मिळतात. वाचायच्याच असतील तर एक तारा दिलेल्या प्रतिक्रिया वाचा. तिथे 'नातेवाइकांना फोन करतात', 'सात दिवसांनी दुप्पट मागतात' अशी वाक्ये दिसली, तर ती कुणी पैसे घेऊन लिहिलेली नसतात.

दुसरा प्रश्न, पैसे देणार कोण? ॲप स्वतः कर्ज देत नाही, ते दलाल असते. मागे एखादी बँक किंवा बँकेतर वित्तीय कंपनी, म्हणजे एनबीएफसी असावी लागते आणि ती रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली असावी लागते. या ॲपच्या माहितीत तळाशी एका एनबीएफसीचे नाव होते, नोंदणी प्रमाणपत्राचा फोटोही होता. आम्ही रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची नोंदणीकृत एनबीएफसींची यादी उघडली. कंपनीचे नाव त्यात होते. पालकांचा चेहरा उजळला. "मग ठीक आहे ना सर?"

ठीक नव्हते. इथेच बहुतेक लोक फसतात. कंपनी खरी आहे, एवढेच सिद्ध झाले होते. ॲप त्या कंपनीचे आहे, हे सिद्ध झाले नव्हते. कुणीही कुणाचेही नाव लिहू शकतो आणि प्रमाणपत्राचा फोटो कुठूनही उचलू शकतो. म्हणून तपास उलटा करायचा. ॲपकडून कंपनीकडे न जाता कंपनीकडून ॲपकडे यायचे. नियमाप्रमाणे प्रत्येक बँकेला आणि एनबीएफसीला आपल्या संकेतस्थळावर आपल्या कर्जाच्या ॲप्सची आणि दलालांची यादी लावावी लागते. आम्ही त्या कंपनीचे संकेतस्थळ उघडले. कंपनीच्या यादीत तीन ॲप्स होती आणि त्यात हे नव्हते. मग संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन लावला. "हे ॲप आमचे नाही, आमच्या नावाचा गैरवापर होतोय," असे उत्तर मिळाले. सगळ्याला वीस मिनिटे लागली.

1 जुलै 2025 पासून यासाठी आणखी एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या rbi.org.in या संकेतस्थळावर नागरिकांसाठीच्या विभागात डिजिटल कर्जाच्या ॲप्सची यादी आहे. कोणते ॲप कोणत्या बँकेचे किंवा एनबीएफसीचे, ते त्यात दिसते. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. ही यादी कंपन्यांनी दिलेल्या माहितीवरून लावली जाते, रिझर्व्ह बँक त्या ॲपची तपासणी करून शिक्का देत नाही. म्हणून एखादे ॲप यादीत नसेल तर सरळ सोडून द्या. असेल तर एवढेच समजा, की पुढचे प्रश्न विचारायला हरकत नाही. 'आरबीआयमान्य ॲप' अशी जाहिरात कुणी करत असेल, तर तिथे सावध व्हा. रिझर्व्ह बँक कंपनीची नोंदणी करते, ॲपला मान्यता देत नाही.

यादीत नाव जुळले, तरी हुबेहूब नावाचे दुसरे ॲप असू शकते. चिन्ह तेच, रंग तोच, स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. म्हणून प्ले स्टोअरवर नाव शोधून ॲप उतरवू नका. बँकेच्या किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर जी लिंक असते, तिच्यावरूनच जा.

रक्कम, मुदत आणि व्याज

तिसरा प्रश्न हिशेबाचा. एसएमएसमध्ये आणि ॲपच्या पहिल्या पडद्यावर रक्कम लिहिलेली होती. कर्ज 5000 रुपये, सेवाशुल्क 1800 रुपये, हातात 3200 रुपये, मुदत सात दिवस, परतफेड 5000 रुपये. आणि मोठ्या अक्षरांत, व्याज 0 टक्के.

या शून्याबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण आपल्या समाजात ते फार चालते. व्याज टाळावे असे वाटणारा माणूस बँकेच्या दारापासून दूर राहतो आणि 'बिनव्याजी', कधीकधी तर 'हलाल' असे लिहिलेल्या ॲपकडे वळतो. पण 3200 रुपये सात दिवस वापरण्याचे 1800 रुपये मोजणे, याला काय म्हणायचे? शंभर रुपयांवर आठवड्याला 56 रुपये झाले. वर्षाच्या भाषेत मांडले तर दर 2900 टक्क्यांच्या पुढे जातो. गावातला जुना सावकार महिन्याला शेकडा दहा घेतो म्हणून आपण त्याला शिव्या देतो, त्याच्यापुढे तो धर्मात्मा वाटावा. नाव सेवाशुल्क ठेवल्याने वस्तू बदलत नाही.

खरे कर्ज कसे दिसते, तेही पाहू. नियमाप्रमाणे करार करण्याआधी ग्राहकाला एक पत्रक द्यावे लागते. त्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात, आपण मुख्य माहितीपत्रक म्हणू. त्यात कर्जाची रक्कम, हातात येणारी रक्कम, प्रत्येक शुल्क, हप्ते आणि या सगळ्याचा मिळून होणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. समजा एखादी नोंदणीकृत कंपनी 10,000 रुपये एका वर्षासाठी 24 टक्क्यांनी देते आणि दोन टक्के प्रक्रिया शुल्क अधिक जीएसटी म्हणून 236 रुपये आधीच कापते. हातात 9764 येतात, महिन्याचा हप्ता साधारण 946 रुपये बसतो. जाहिरातीत 24 टक्के दिसतात, पण शुल्क धरून एपीआर 28.7 टक्क्यांच्या आसपास निघतो. हे स्वस्त कर्ज नाही. पण आकडा समोर आहे, तो बदलत नाही आणि घ्यायचे की नाही हे तुम्ही ठरवू शकता. पत्रकात नसलेले कोणतेही शुल्क कंपनीला नंतर लावता येत नाही.

आणखी एक हक्क फार कमी लोकांना ठाऊक आहे. कर्ज घेतल्यावर किमान एक दिवस फेरविचाराची मुदत मिळते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार परत केला की दंड न भरता कर्जातून बाहेर पडता येते. आधी सांगितलेले वाजवी प्रक्रिया शुल्क तेवढे कंपनी ठेवू शकते. पत्रकात ही मुदत लिहिलेली आहे का, ते बघा.

त्या पालकांच्या ॲपवर पत्रक नव्हतेच. 'आधी परवानगी द्या, मग ऑफर दिसेल' असे लिहिले होते. हा क्रमच उलटा आहे. खरी कंपनी आधी आपली ओळख आणि अटी दाखवते, मग तुमची माहिती मागते. इथे तुमचा सगळा फोन आधी द्यायचा आणि अटी नंतर. सात दिवसांची मुदत हीसुद्धा एक खूण आहे. साठ दिवसांत किंवा त्याआधी पूर्ण परतफेड मागणारी वैयक्तिक कर्जाची ॲप्स गूगलच्या धोरणाप्रमाणे भारतात प्ले स्टोअरवर चालत नाहीत. सात, दहा, पंधरा दिवसांची मुदत दिसली, की हा माणूस वसुलीच्या धंद्यात आहे, कर्जाच्या नाही, असे समजा.

चौथा प्रश्न, पैसे कुठून येणार आणि कुठे जाणार? नियम असा आहे की कर्जाची रक्कम बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यावी आणि हप्ताही थेट त्यांच्याच खात्यात जावा. मध्ये दलालाचे खाते येता कामा नये. एखाद्या माणसाच्या नावाचा यूपीआय आयडी, व्हॉट्सॲपवर आलेला क्यूआर कोड, दर वेळी बदलणारे खाते, यातले काही दिसले तर तो बनावट धंदा आहे. कर्ज मिळण्याआधीच 'फाइल चार्ज', 'विमा', 'जीएसटी' म्हणून पैसे भरायला सांगत असतील, तर तिथे कर्ज मुळात नाहीच. शुल्क असेल तर ते कर्जातून कापले जाते, आधी मागितले जात नाही.

त्या पालकांनी मग मालकाकडून दोन आठवड्यांची उचल घेतली. क्लासच्या बाईंनी अर्धी फी पुढच्या महिन्यावर ढकलली. फोनमधून ॲप काढून टाकले.

काय द्यावे, काय देऊ नये

परवानगी हा शब्द ऐकला की काही लोक सगळ्यालाच नाही म्हणतात आणि खऱ्या कंपनीचे कामही अडते. म्हणून फरक सांगतो. केवायसीसाठी तुमचा चेहरा आणि आधार-पॅन दाखवायला कॅमेरा लागतो. तो 'फक्त या वेळी' असा पर्याय निवडून द्या. लोकेशनही तसेच. काम झाले की फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ॲपच्या परवानग्या बंद करा.

एखादी पावती किंवा पगाराची स्लिप चढवायची असेल, तर त्यासाठी गॅलरी उघडी करावी लागत नाही. नव्या अँड्रॉइड फोनवर आणि आयफोनवर फक्त निवडलेले फोटो देण्याचा पर्याय असतो. तसेच ओळखीच्या दोन माणसांचे नंबर संदर्भ म्हणून काही कंपन्या विचारतात. ते हाताने टाइप करता येतात, त्यासाठी संपूर्ण यादी देण्याची गरज नाही. आणि ज्यांचे नंबर द्याल त्यांना आधी विचारा.

एसएमएसचा मामला थोडा गुंतागुंतीचा आहे. काही कंपन्या बँकेचे एसएमएस वाचून उत्पन्नाचा अंदाज घेतात. पण एसएमएसमध्ये तुमचे ओटीपीही येतात. माझे मत असे, की तेही देऊ नये. बँकेचे स्टेटमेंट द्यावे, किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटरमार्फत ठरावीक मुदतीची माहिती ठरावीक कंपनीलाच देण्याची सोय आहे, ती वापरावी.

ॲप टाकण्याआधीसुद्धा थोडे बघता येते. प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर 'About this app' उघडा, तळाशी 'App permissions' असते. तिथे Contacts किंवा Photos यांचा उल्लेख असेल, तर ॲप उतरवायची गरजच नाही. 'Data safety' हा भागही असतो, पण तो ॲप बनवणाऱ्यानेच भरलेला असतो. तो कबुलीजबाब म्हणून वाचा, पुरावा म्हणून नको. आणि परवानगी नाकारल्यावर ॲप पुढे जाऊच देत नसेल, तर भांडू नका. तुम्हाला हवे ते उत्तर मिळाले.

परवानगी आधीच दिली असेल तर

काहींनी हे वाचेपर्यंत 'Allow' दाबलेले असेल. ॲप काढून टाकल्याने गेलेली यादी परत येत नाही, हे आधी समजून घ्या. तरीही सेटिंग्जमध्ये जाऊन परवानग्या बंद करा, म्हणजे उद्याचे फोटो तरी जाणार नाहीत. ॲप काढण्याआधी त्यातली रक्कम, खाते क्रमांक, यूपीआय आयडी आणि धमक्या यांचे स्क्रीनशॉट घ्या. तक्रारीत हेच कामाला येते.

धमकी आली की पैसे भरून विषय मिटवावा असे वाटते. तसा तो मिटत नाही. एकदा घाबरून भरलेत की तुम्ही भरणारे आहात हे त्यांना कळते आणि मागणी वाढते. मुदत वाढवून देतो म्हणून घेतलेले पैसे मुद्दलातून कमी होत नाहीत. अनेकदा तर पहिले कर्ज फेडायला त्याच टोळीचे दुसरे ॲप सुचवले जाते.

सायबर गुन्ह्यांसाठी 1930 हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवता येते. पोलिस ठाण्यात जाताना 'कर्ज फेडता येत नाही' अशी सुरुवात करू नका. 'माझे फोटो बदलून धमकी देत आहेत, खंडणी मागत आहेत' असे सांगा, कारण गुन्हा तो आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 मध्ये खंडणीची व्याख्या आणि शिक्षा आहे. नोंदणी नसलेल्या सावकारी ॲपची माहिती sachet.rbi.org.in वर देता येते. ॲपमागची कंपनी खरी आणि नोंदणीकृत असेल, पण छळ करत असेल, तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. नोंदणीकृत कंपनीच्या वसुलीवाल्यालाही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, आणि तुमच्या नातेवाइकांना त्रास देता येत नाही.

पोलिसांकडे जाण्याआधी मात्र एक काम करा. स्वतःच आपल्या यादीतल्या लोकांना एक निरोप पाठवा. 'माझ्या फोनमधली माहिती चोरीला गेली आहे. माझ्या नावाने किंवा माझ्या फोटोसह काही आले तर ते खोटे आहे. उघडू नका, पुढे पाठवू नका, नंबर ब्लॉक करा.' एवढे चार ओळींचे लिहायला फार धीर लागतो, मला कल्पना आहे. पण ही बातमी आपण आधी सांगितली की त्यांच्या हातातले तारण निकामी होते.

आणि हा निरोप ज्यांना मिळेल, त्यांच्यासाठी शेवटचे. असा एखादा फोटो तुमच्या फोनवर आला, तर हे ॲप तुमच्याकडूनच काम करवून घेणार आहे हे ओळखा. तुम्ही तो मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला, 'बघा, अमक्याने काय केले' म्हणून कुजबुज केली, तर वसुलीचा माणूस तुम्ही झालात, तोही बिनपगारी. आपल्याकडे कर्जाची चर्चा 'घेतलेच कशाला?' इथून सुरू होते आणि तिथेच संपते. मग माणूस बोलत नाही, आणि एका कर्जातून दुसऱ्यात जातो. स्क्रीनशॉट काढून त्या माणसाला द्या, तक्रारीला उपयोग होईल. मग फोटो पुसून टाका आणि त्याला फोन करा. पहिला प्रश्न कर्जाचा नको. 'तक्रार केलीस का? मी सोबत येऊ का?' एवढेच विचारा.